पीटी महिनाभर थांबवायची असेल तर ट्रेनरला काय, केव्हा आणि कसं सांगायचं

काही वर्षं मी जिममध्ये पीटीचा, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगचा, ट्रेनर होतो. सुट्टी घेणाऱ्या क्लायंटचा निरोप बहुतेक वेळा एकाच साच्यातला असायचा: "सर, पुढचे काही दिवस जमणार नाही, आले की कळवते." निरोप सभ्य आहे, पण ट्रेनरच्या हातात त्यातून काहीच पडत नाही. सकाळी ७ ची वेळ दुसऱ्याला द्यायची की राखून ठेवायची, उरलेल्या सेशनचं काय करायचं, पॅकेजची मुदत पुढे न्यायची की नाही, सगळं अधांतरी. आणि नुकसान शेवटी क्लायंटचंच व्हायचं. महिन्याभरानं ती परत यायची तेव्हा तिची वेळ गेलेली असायची आणि मुदतही संपत आलेली असायची. मग काउंटरवर वादावादी.

सुट्टी घ्यायला ट्रेनरची हरकत फारशी नसते. हरकत असते ती "काही दिवस" या शब्दांना. म्हणून निरोपात चार गोष्टी आकड्यांत हव्यात: शेवटचं सेशन कोणत्या तारखेला, पुन्हा सुरुवात कोणत्या तारखेला आणि किती वाजता, किती सेशन बाकी आहेत, आणि पॅकेजची नवी मुदत कोणती. यातल्या पहिल्या दोन बहुतेकांना सुचतात. पैसे अडकतात ते उरलेल्या दोनमध्ये.

बोलण्याआधी पावती काढा

पहिला गोंधळ इथेच होतो. जिमची मेंबरशिप वेगळी आणि पीटीचं पॅकेज वेगळं. दोन्हींची मुदत वेगळी, दोन्हींचे नियमही वेगळे. मेंबरशिप फ्रीज केली म्हणजे पीटीही आपोआप थांबली असं होत नाही, आणि उलटही होत नाही. पुष्कळ ठिकाणी मेंबरशिप चालू असेल तरच पीटीचं सेशन घेता येतं. म्हणजे पॅकेजची मुदत वाढवून घेतली आणि मेंबरशिप मध्येच संपली, तर बाकी सेशन असूनही दारात अडवलं जाणार.

तेव्हा पावती किंवा करारपत्र काढून तीन गोष्टी शोधा. पॅकेजमध्ये एकूण सेशन किती आणि ती कधीपर्यंत वापरायची. फ्रीज करण्याबद्दल काय लिहिलंय: किमान किती दिवस, कमाल किती दिवस, किती वेळा, आधी किती दिवस कळवायचं, त्यासाठी पैसे लागतात का. आणि ऐनवेळी रद्द केलेलं सेशन मोजलं जातं का. हा शेवटचा नियम सुट्टीशी संबंधित वाटत नाही, पण बाकीचा हिशोब त्यावर अडतो. साधारणपणे १२ किंवा २४ तास आधी कळवलं नाही तर सेशन झालं असं धरतात.

आणखी एक. फ्रीज सहसा अर्ज नोंदवला त्या दिवसापासून पुढे लागू होतं, मागच्या तारखेनं नाही. सुट्टीवर जाऊन दहा दिवस झाल्यावर फोन केला, तर ते दहा दिवस गेले असं समजायचं.

पावती सापडत नसेल तर काउंटरवर विचारा. ट्रेनरला विचारू नका, कारण तो बहुतेकदा आठवणीनं सांगतो, आणि वाद झाला तर त्याच्या आठवणीला काउंटरवर किंमत नसते.

एक हिशोब पूर्ण करून बघू

समजा, एका ताईंनी ३६ सेशनचं पॅकेज घेतलंय, मुदत ९० दिवसांची. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी ७ वाजता. सुरुवात सोमवार ४ मे २०२६. पहिला दिवस धरून ९० दिवस मोजले तर मुदत १ ऑगस्टला संपते. आठवड्याला तीन या वेगानं ३६ सेशन बारा आठवड्यांत, म्हणजे २४ जुलैला पूर्ण होतात. हाताशी आठवडाभराची सवलत. पॅकेज असंच बांधलेलं असतं. एखादा आजार, एखादं लग्न त्यात बसतं, महिनाभराची सुट्टी बसत नाही.

आता ताईंना कामानिमित्त महिनाभर बाहेर जायचंय. शेवटचं सेशन शुक्रवार १२ जूनला. तोवर सहा आठवडे झाले, म्हणजे १८ सेशन व्हायला हवीत. ताईंच्या मते १७ झाली, कारण मे महिन्यात एकदा त्या आल्या नव्हत्या. जिमच्या नोंदीत मात्र १८ आहेत, कारण येणार नसल्याचं त्यांनी आदल्या रात्री दहाला कळवलं होतं आणि नियम २४ तासांचा होता. बाकी १९ की १८? हा एका सेशनचा फरक आज दोन मिनिटांत मिटतो. महिन्यानंतर काढला तर कुणालाच नीट आठवत नाही आणि दोघांच्याही मनात किल्मिष राहतं. ताईंनी नियम वाचला होता, त्यामुळे त्यांनी १८ मान्य केली.

१३ जुलैला परत आल्यावर ही १८ सेशन पूर्ण व्हायला सहा आठवडे लागतील. शेवटचं सेशन पडतं शुक्रवार २१ ऑगस्टला. मूळ मुदत मात्र १ ऑगस्टची. म्हणजे मुदत वाढवून न घेता ताई परतल्या, तर १३ जुलै ते १ ऑगस्ट या काळात त्यांची फक्त ९ सेशन होतील आणि उरलेली ९ बुडतील. निम्मी! ट्रेनरनं "हो, जा ना, आल्यावर सुरू करू" असं प्रेमानं सांगितलेलं असतं, आणि ते खरंही असतं. पण सेशन मोजणारं सॉफ्टवेअर १ ऑगस्टला पॅकेज बंद करतं, त्याला प्रेम कळत नाही.

१३ जून ते १२ जुलै हे बरोबर ३० दिवस. तेवढी मुदत वाढली तर नवी तारीख ३१ ऑगस्ट. २१ ऑगस्टपर्यंत सगळं पूर्ण होतं आणि दहा दिवस हाताशी उरतात. ताईंनी मागायची गोष्ट हीच: "मुदत ३१ ऑगस्ट करून द्या." नुसतं "थांबवा" म्हणणं अपुरं आहे.

तुमच्या बाबतीतही असाच कागद मांडा. परत आल्यावर बाकी सेशन भागिले आठवड्याची सेशन, म्हणजे लागणारे आठवडे. ते परतीच्या तारखेत मिळवा. आलेली तारीख सध्याच्या मुदतीच्या पुढे जात असेल तर तेवढी वाढ मागायची, शिवाय आठवडाभर जास्तीचा. वाढ मागताना किती दिवस हवेत ते न सांगता शेवटची तारीखच सांगावी, म्हणजे मोजण्यात फरक पडत नाही.

परतीची तारीख कशी ठरवायची

"एक महिन्यानं" हा शब्द कटाक्षानं टाळा. वरच्या उदाहरणात १२ जूनपासून एक महिना म्हणजे १२ जुलै, आणि तो रविवार. ताईंचं त्या दिवशी सेशनच नसतं. ट्रेनर तीस दिवस मोजतो, क्लायंट चार आठवडे मोजते, काउंटरवरचा मुलगा कॅलेंडरचा महिना धरतो. तीन माणसं, तीन तारखा. म्हणून वार, तारीख आणि वेळ एकत्र लिहायची: "सोमवार, १३ जुलै, सकाळी ७." वार लिहिल्यानं तारखेतली चूकही लगेच लक्षात येते.

प्रवासातून परतण्याचा दिवस आणि पहिल्या सेशनचा दिवस यांत निदान एक रात्र घरच्या झोपेची ठेवा. मी कितीतरी "पहिली" सेशन रद्द होताना पाहिली आहेत, फक्त क्लायंट आदल्या मध्यरात्री पोचला म्हणून. ते सेशन मोजलं जातं आणि नव्या सुरुवातीलाच कटकट होते.

कारण वैद्यकीय असेल तर तारखेचा प्रकार जरा वेगळा. दुखापत, शस्त्रक्रिया, गरोदरपण यांत परतीचा दिवस डॉक्टर ठरवणार. तरीही ट्रेनरला कोरी जागा देऊ नका. डॉक्टरांची पुढची भेट कधी आहे ती तारीख सांगा आणि "त्याच संध्याकाळी नक्की कळवते" असं म्हणा. वैद्यकीय कागद दाखवला तर अनेक जिम नेहमीच्या मर्यादेपेक्षा लांब फ्रीज देतात, तेव्हा प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवावी.

केव्हा सांगायचं, आणि आधी कुणाला

दोन आठवडे आधी सांगणं चांगलं, एक आठवडा चालतो. आदल्या दिवशी सांगितलं तर ट्रेनर हसून "ओके" म्हणेल, पण त्याच्या मनात काय चाललंय ते सांगतो.

बऱ्याच जिममध्ये ट्रेनरला झालेल्या सेशनमागे पैसे मिळतात. तुम्ही सगळी फी आगाऊ भरलेली असली तरी त्याच्या हातात ती सेशन होईल तसतशी पडते. आठवड्याची तीन सेशन चार आठवडे नाहीत, म्हणजे त्या महिन्याची १२ सेशन त्याच्या हिशोबातून गेली. ती पुढे मिळणार आहेत, बुडत नाहीत, पण घरभाडं याच महिन्याचं असतं. दोन आठवडे मिळाले तर त्या वेळेत तो कुणालातरी बसवू शकतो: नवीन माणसाचं ट्रायल, एखाद्या जुन्या क्लायंटची जास्तीची सेशन. सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांना मागणी सगळ्यात जास्त, तेव्हा ती जागा महिनाभर रिकामी ठेवणं त्याला जड जातं. हे कळलं की पुढचं बोलणं सोपं होतं. तुम्ही उपकार मागत नसता, आणि त्याचं नुकसान व्हावं अशीही तुमची इच्छा नसते. फक्त दोघांच्या तारखा जुळवायच्या असतात.

क्रम असा ठेवा: आधी ट्रेनरला तोंडी, मग त्याच दिवशी मेसेज, मग काउंटरवर अर्ज. काउंटरकडून ट्रेनरला कळलं तर तो दुखावतो. आपल्याला कंटाळून सोडून चालली की काय, हा पहिला संशय. आणि तो संशय अगदीच खोटा नसतो, कारण ज्यांना ट्रेनर बदलायचा असतो तेही "थोडा ब्रेक घेते" असंच म्हणतात.

तोंडी कसं बोलायचं

सेशन संपल्यावर, स्ट्रेचिंग चालू असताना बोला. सेटच्या मध्ये नाही, कारण तेव्हा त्याचं लक्ष घड्याळाकडे असतं. सेशनच्या आधीही नको, बिचाऱ्याचा सगळा तास त्याच विचारात जातो.

"सर, दोन मिनिटं बोलायचं होतं. १२ जूनच्या शुक्रवारी माझं शेवटचं सेशन, मग मी महिनाभर बाहेर आहे. १३ जुलैला सोमवारी सातला परत सुरू करायचंय, तुमच्याचकडे. तोवर वेळ तुम्ही वापरा, पण १३ पासून मला तीच मिळेल का, ते सांगा."

यातला "तुमच्याचकडे" हा शब्द लहान आहे, पण काम मोठं करतो. आणि शेवटी प्रश्न आहे, तोही हो-नाहीचा. "चालेल ना?" असं विचारलं तर उत्तर "चालेल" येणारच, आणि त्याचा अर्थ काहीच नसतो.

कारण किती सांगायचं? काम, प्रवास, परीक्षा, घरचं काही, एवढा एक शब्द पुरे. लांबलचक कारण दिलं की ट्रेनर त्यावर उपाय सुचवायला लागतो आणि तुम्ही प्रत्येक उपाय खोडत बसता. पैशांची ओढाताण असेल तर ती सांगणं बंधनकारक नाही, पण आगाऊ फी भरलेली असताना तसं म्हणणं विचित्र वाटतं, तेव्हा "या महिन्यात जमणार नाही" एवढ्यावर थांबा. अपवाद एकच: दुखापत, रक्तदाब, नवीन औषध, गरोदरपण असं काही असेल तर ते ट्रेनरला माहीत असायलाच हवं, कारण परतल्यावरचा व्यायाम त्यावर ठरतो.

मेसेज

तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी लिहून पाठवा. ताईंचा मेसेज असा होता:

> नमस्कार सर, सकाळी बोललो त्याप्रमाणे लिहून ठेवते.
> शेवटचं सेशन: शुक्रवार, १२ जून, सकाळी ७.
> पुन्हा सुरुवात: सोमवार, १३ जुलै, सकाळी ७. सोम, बुध, शुक्र तसंच.
> १२ जूनचं सेशन धरून १८ झाली, १८ बाकी.
> सध्याची मुदत १ ऑगस्ट आहे. ती ३१ ऑगस्ट करण्यासाठी मी आज काउंटरवर अर्ज देते आहे.
> १३ जुलैपासून सातची वेळ मला नक्की मिळेल का, ते कळवाल का? बाकीचं बरोबर असेल तर तेही कळवा.

यात आभार, माफी, ओशाळणं काही नाही, आणि त्याची गरजही नाही. शेवटच्या ओळीत उत्तर मागितलंय हे महत्त्वाचं. नुसता अंगठा आला तर तो कोणत्या गोष्टीसाठी आहे ते कळत नाही. मग एवढंच परत विचारा: "सर, सातची वेळ पक्की समजू ना?" त्यावर "हो" आलं की झालं.

ट्रेनर तुमच्याहून लहान असो की मोठा, लिहिताना "तुम्ही"च ठेवा, मग रोज एकमेकांना अरे-तुरे करत असलात तरी. हा मेसेज उद्या मॅनेजरला दाखवायची वेळ येऊ शकते.

समोरून काय येतं

सगळ्यात प्रामाणिक उत्तर असतं, "वेळ राखून ठेवायचं वचन देता येत नाही." याचा राग धरू नका. असं म्हणणारा ट्रेनर बरा, कारण जो सरसकट हो म्हणतो तोच १३ जुलैला "ताई, सातला आता एक जण आहेत, आठला चालेल का?" म्हणतो. अशा वेळी दोन पर्याय आधीच मागून घ्या. एक, त्या वेळेत येणाऱ्या माणसाला सुरुवातीलाच "१२ जुलैपर्यंतच" असं सांगून बसवता येईल का. दोन, सात नाही तर दुसरी कोणती वेळ नक्की देता येईल. सात नाही तर साडेसहा, असं दोघांत ठरलं की त्या वेळेचा मेसेज पाठवा.

दुसरं उत्तर येतं, "पूर्ण थांबू नका, आठवड्याला एक तरी करा" किंवा "ऑनलाइन घेऊ." हे कधी मनापासून असतं, कधी महिन्याचा आकडा भरायचा म्हणून. तुम्हाला जमणार असेल तर घ्या, पण मग ती सेशन १८ मधून वजा होणार की वेगळी धरणार, आणि फ्रीज चालू असताना ती घेता तरी येतात का, हे विचारा. फ्रीजमध्ये सॉफ्टवेअर बहुतेकदा सेशन नोंदवू देत नाही, मग ट्रेनर वहीत लिहितो, आणि पुढे वही आणि सॉफ्टवेअर जुळत नाहीत. जमणार नसेल तर एकदाच सांगा: "या महिन्यात एकही नको सर, १३ पासून तीन दिवस पक्के." मग तोच विषय पुन्हा निघाला तरी हेच वाक्य. नवीन कारण काढू नका.

तिसरं, थोडं भीती घालणारं: "महिना गेला की सगळं पाण्यात." हे खरं नाही. स्नायूंची ताकद तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकते. दम मात्र लवकर उतरतो, कारण व्यायाम थांबल्यावर रक्तातल्या द्रवाचं प्रमाण काही दिवसांतच कमी व्हायला लागतं आणि त्याबरोबर हृदय एका ठोक्यात जितकं रक्त फेकतं तेही घटतं. म्हणून परतल्यावर वजनं फारशी जड वाटत नाहीत, पण दोन सेटमध्ये धाप लागते. ती दोन-तीन आठवड्यांत बरीच सावरते.

आणि चौथं, काउंटरवरचं: "पीटीला फ्रीज नाहीच." पावतीवर तसं लिहिलं असेल तर हक्क म्हणून भांडता येत नाही. पण विनंती करता येते, आणि ती ट्रेनरमार्फत मॅनेजरपर्यंत गेली तर जास्त चालते, कारण क्लायंट टिकावा ही ट्रेनरचीही गरज असते. मुदतवाढ तरीही मिळाली नाही तर वेग वाढवा. ताईंच्या बाबतीत १३ जुलै ते १ ऑगस्ट म्हणजे तीन आठवडे. आठवड्याला चार सेशन घेतली तर १२ होतात, पाच घेतली तर १५. सहा घेतली तरच १८, आणि महिन्याच्या खंडानंतर आठवड्याला सहा सेशन घेऊ नयेत, शरीर सावरायला वेळच मिळत नाही. मग जाण्याआधीच्या दोन आठवड्यांत आठवड्याला एक-एक वाढवून दोन सेशन उरकता येतात का ते बघायचं. म्हणूनही दोन आठवडे आधी सांगणं बरं.

स्वतंत्र ट्रेनर असेल, जिमचा नसेल, तर काउंटरही नाही आणि सॉफ्टवेअरही नाही. सगळं तुमच्या दोघांच्या शब्दावर. तिथे मेसेज आणखी महत्त्वाचा, आणि आगाऊ दिलेल्या पैशातली किती रक्कम पुढच्या महिन्यासाठी राहते ते आकड्यात लिहा. वेळ राखून ठेवण्यासाठी काही रक्कम तो मागू शकतो, आणि ते गैर नाही. ती रक्कम पुढच्या फीतून वळती होणार की वेगळी जाणार, एवढं मात्र देण्याआधीच ठरवा.

काउंटरवर

अर्ज द्या, पोच घ्या. "सरांशी बोलणं झालंय" हे वाक्य तिथे चालत नाही. दोन वेगळ्या विनंत्या करा: मेंबरशिप १३ जून ते १२ जुलै फ्रीज, आणि पीटी पॅकेजची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत. ताईंची मेंबरशिप १० ऑगस्टला संपत होती. ती ३० दिवसांनी पुढे, ९ सप्टेंबरला गेली नसती, तर पीटीची शेवटची पाच सेशन लटकली असती. हे त्यांच्या लक्षात अर्ज भरताना आलं. मुदत बदलल्यावर अॅपमध्ये किंवा त्यांच्या स्क्रीनवर नवी तारीख दिसते का ते स्वतः बघा आणि फोटो काढा. "सिस्टिममध्ये संध्याकाळी होईल" असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. फी दर महिन्याला खात्यातून आपोआप जात असेल तर ती सुट्टीच्या महिन्यात थांबेल का हे वेगळं विचारा, कारण फ्रीज आणि वजावट हे दोन निरनिराळे कप्पे असतात.

शेवटचं सेशन वाया घालवू नका

शेवटच्या दिवशी स्वतःचे उच्चांक गाठायच्या फंदात पडू नका. त्याऐवजी नोंद करून घ्या: मुख्य पाच-सहा व्यायाम, प्रत्येकात सध्याचं वजन, सेट आणि रेप्स. उदाहरणार्थ, गॉब्लेट स्क्वॉट १६ किलो, १० चे तीन सेट. मशिन असेल तर सीट कितव्या खाचेवर असते तेही. ट्रेनरच्या वहीचा फोटो काढला तरी चालतं. हे दोन कारणांसाठी. परतल्यावर कुठून सुरू करायचं ते आठवणीवर सोडावं लागत नाही. आणि समजा, महिन्याभरात ट्रेनर जिम सोडून गेला, जे या धंद्यात वरचेवर होतं, तर नवीन माणसापुढे तुम्ही कोऱ्या पाटीनं उभे राहत नाही.

सुट्टीत काही करायचं असेल तर त्याच दिवशी विचारा. जागा आणि साहित्य काय मिळणार ते सांगा, आठवड्यातून दोन वेळचा साधा कार्यक्रम मागा. ताकद टिकवायला नेहमीपेक्षा खूप कमी व्यायाम पुरतो, फक्त तो पुरेसा जड हवा. पण सुट्टीत ट्रेनरला रोज फोटो पाठवून "हे बरोबर आहे का सर?" विचारत राहू नका. तो त्या महिन्यात तुमच्याकडून काही कमवत नसतो.

मधे एकदाच मेसेज

परतीच्या आधी पाच ते सात दिवस एक ओळ पाठवा: "सर, ठरल्याप्रमाणे सोमवारी १३ जुलैला सातला येते. वेळ पक्की आहे ना?" इथे ट्रेनरला त्या वेळेतल्या माणसाला हलवायला आठवडा मिळतो. काही बिनसलं असेल तर तुम्हालाही आधी कळतं.

तारीख पुढे ढकलावी लागली तर ती एकदाच ढकला, आणि नवी तारीख देऊनच ढकला. "अजून थोडं लांबतंय" या मेसेजनंतर ट्रेनर वेळ दुसऱ्याला देतो, आणि मीही तेच केलं असतं. तारीख बदलली की मुदतीचा हिशोबही बदलतो. ताई १३ ऐवजी २० जुलैला आल्या असत्या तर १८ सेशन २८ ऑगस्टला संपली असती. ३१ ऑगस्टची मुदत जेमतेम पुरते, पण दहा दिवसांची सवलत तीन दिवसांवर येते. त्याहून आणखी एक आठवडा उशीर झाला, की मुदत पुन्हा वाढवून घ्यावी लागणार, आणि फ्रीज एकदाच मिळत असेल तर ती मिळणार नाही.

परतल्यावर

पहिल्याच दिवशी, वॉर्मअपच्या आधी, बाकीचा आकडा विचारा. सेशन सुरू होण्याआधी १८, संपल्यावर १७. सही करताना किंवा अॅपमध्ये नोंद होताना तो आकडा डोळ्यांनी बघा. नोंदीत १६ दिसत असेल तर तिथेच सांगा, आणि जूनचा मेसेज दाखवा.

वजनं पहिल्या आठवड्यात जुन्या आकड्याच्या साधारण दोन तृतीयांश ठेवा आणि सेटही एखादा कमी. गॉब्लेट स्क्वॉट १६ किलोचा होता तर १० किंवा १२ किलोनं सुरू. ताकद शाबूत असते म्हणून जुनं वजन उचललं जातं, आणि नेमका तिथेच घात होतो: दुखण्याची सवय मोडलेली असते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलायला लागतात. तेवढं दुखणं चालतं, तीन-चार दिवसांत जातं. मात्र स्नायू सुजले, दुखणं वाढतच गेलं आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर ते नेहमीचं अंगदुखीचं प्रकरण नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. उत्साही ट्रेनर "महिन्याची कसर भरून काढू" म्हणाला, तर वहीतलं पान उघडून दाखवा आणि सांगा, "सर, या आठवड्यात बारा किलोच. सोळावर पुढच्या-पुढच्या आठवड्यात येऊ."